युरोपचा रेल्वे पास : दिवस मोजायचे कसे, आणि पासावर वरून किती?

उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपला जायचं ठरलं की घराघरात एक प्रश्न हमखास येतो : तिकडे फिरायला रेल्वेचा पास काढावा का? जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'एक पास, 33 देश'. ते खरंही आहे. अडचण अशी की आपल्याकडे लांब पल्ल्याचं आरक्षित तिकीट हातात आलं की डबा आणि आसनक्रमांक त्यावरच असतो. पासही तसाच असणार, असं आपण धरून चालतो. युरोपात मात्र गाडीतून जाण्याचा हक्क ही एक गोष्ट आणि त्या गाडीतली जागा ही दुसरी. पास पहिली गोष्ट देतो. दुसरी कुठे फुकट मिळते, कुठे पाच युरोंत, तर कुठे तीस युरोंत, आणि कधी मिळतच नाही.

युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठीचा पास म्हणजे युरेल. तो 1959 सालापासून आहे. युरोपात राहणाऱ्यांसाठी 1972 मध्ये इंटररेल सुरू झाला. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मुलाला इंटररेल घ्यावा लागतो, आणि त्याच्याकडे गेलेल्या आईवडिलांना युरेल. निकष वास्तव्याचा आहे, नागरिकत्वाचा नाही.

युरेलच्या सर्व देशांच्या पासाचे दोन प्रकार आहेत. सलग पास हा ठरावीक मुदतीचा असतो : 15 दिवस, 22 दिवस, एक, दोन किंवा तीन महिने. त्या मुदतीत रोज हव्या तितक्या गाड्या घ्या. मात्र एखादा दिवस हॉटेलात झोपून काढला तरी तो दिवस मोजला जातोच. दुसरा लवचिक पास. यात एका महिन्यात कोणतेही 4, 5 किंवा 7 दिवस, किंवा दोन महिन्यांत कोणतेही 10 किंवा 15 दिवस प्रवासाचे म्हणून निवडता येतात. पॅरिसमध्ये तीन दिवस पायी भटकलात तर पासाचा एकही दिवस खर्च होत नाही.

प्रौढांच्या दुसऱ्या वर्गाचे अलीकडचे दर ढोबळमानाने असे : लवचिक पास 4 दिवसांचा 280 ते 300 युरो, 7 दिवसांचा सुमारे 380, 10 दिवसांचा सुमारे 450. सलग 15 दिवसांचा पास 480च्या आसपास. दर बदलत राहतात, पण त्यांच्यातलं प्रमाण साधारण असंच असतं. आता भागाकार करून पाहा. 7 दिवसांच्या पासात एक दिवस 54 युरोंना पडतो, 10 दिवसांच्या पासात 45ना, तर सलग 15 दिवसांच्या पासात 32ना. सलग पास दिवसामागे स्वस्त दिसतो. पण दोन आठवड्यांच्या सहलीत माणूस खरोखर गाडीत बसतो पाच ते सात दिवस. वापरलेल्या दिवसांनी भागलं की तोच पास 70-95 युरोंवर जातो. एकाच गावात मुक्काम ठेवून रोज सकाळी वेगळ्या दिशेला निघणाऱ्यांनी सलग पास घ्यावा. गावोगावी दोन-तीन रात्री राहणाऱ्यांना लवचिकच बरा.

लवचिक पासातला 'दिवस' मध्यरात्री सुरू होतो आणि पुढच्या मध्यरात्री संपतो. तुम्ही गाडीत कधी बसलात, त्यापासून 24 तास धरले जात नाहीत. रात्रीच्या गाडीसाठी मात्र सोय आहे. गाडी मध्यरात्रीपूर्वी सुटत असेल आणि मध्ये बदलावी लागत नसेल, तर फक्त सुटण्याचा दिवस खर्च होतो. व्हिएन्नाहून झुरिचला जाणारी नाइटजेट रात्री सुटून सकाळी पोचते. तेवढ्यासाठी आदल्या दिवसाची नोंद पुरते. पण सकाळी झुरिचला उतरून तुम्ही लगेच इंटरलाकेनची गाडी पकडलीत, तर ती नव्या दिवसात मोडते. पासाचा दुसरा दिवस वापरा किंवा त्या टप्प्याचं वेगळं तिकीट काढा. शिवाय नाइटजेटमधल्या बर्थचे पैसे पासात नसतात, ते वेगळे भरावे लागतात.

एक दिवस सुमारे 54 युरोंना पडतो, हे लक्षात ठेवलं की एक साधा नियम हाती येतो. फ्लॉरेन्सहून पिसाचा मनोरा बघायला जायचं, तर साध्या गाडीचं एका बाजूचं तिकीट दहा युरोंच्या आत-बाहेर असतं. त्यासाठी पासाचा दिवस जाळू नये. रोख तिकीट काढावं आणि दिवस लांबच्या प्रवासासाठी राखावा. शहरातली मेट्रो, ट्राम आणि बस सहसा पासात नसतेच.

आता जागेच्या पैशांकडे येऊ, कारण पास काढणाऱ्यांची निराशा होते ती इथेच. युरोपात दोन वेगळ्या रेल्वेसंस्कृती नांदतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या पट्ट्यात देशांतर्गत बहुतेक गाड्यांना आरक्षण ऐच्छिक आहे. पास दाखवा, रिकामी जागा दिसेल तिथे बसा. आसनाच्या वर किंवा बाजूला छोटी पाटी असते, तिच्यावर ते आसन कोणत्या स्थानकापासून कोणत्या स्थानकापर्यंत राखीव आहे ते दिसतं. पाटी कोरी असेल तर आसन मोकळं. जर्मन आयसीई गाडीत कधी कधी ggf. reserviert अशी अक्षरं दिसतात. त्या आसनाचं आरक्षण आयत्या वेळी होऊ शकतं, तेव्हा तिथे बसलात तरी उठायची तयारी ठेवा. गर्दीच्या शुक्रवारी संध्याकाळी पाच-सहा युरो भरून जागा राखणं केव्हाही चांगलं, पण सक्ती नाही.

फ्रान्स, स्पेन, इटलीतल्या वेगवान गाड्यांचं आणि युरोस्टारचं तसं नाही. तिथे गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाला ठरलेलं आसन लागतं आणि आरक्षणाविना चढणारा, पास असूनही, नियम मोडत असतो. इटलीच्या फ्रेच्चारोसा गाडीत पासधारकाला आरक्षणासाठी 13 युरो पडतात. फ्रान्सच्या देशांतर्गत टीजीव्हीत साधारण 10 ते 20. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या टीजीव्ही लिरियात 30च्या आसपास किंवा थोडे वर. लंडन-पॅरिस युरोस्टारलाही तितकेच. त्याहून त्रासदायक म्हणजे फ्रान्समध्ये आणि युरोस्टारवर पासधारकांचा कोटा मर्यादित असतो. जुलैत संकेतस्थळावर त्याच गाडीची महाग तिकिटं विकायला असतात, पण पासधारकांचा कोटा मात्र संपलेला असतो. अशा वेळी पास हातात असून गाडी हातची जाते.

आपल्याकडच्या प्रवाशांचा आवडता मार्ग घेऊन हिशेब मांडू. पॅरिस, तिथून बासेलमार्गे इंटरलाकेन, मग मिलानमार्गे व्हेनिस, पुढे फ्लॉरेन्स, शेवटी रोम. प्रवासाचे दिवस चार, म्हणजे 4 दिवसांचा लवचिक पास पुरतो. त्याचे समजा 285 युरो. पॅरिस-बासेल लिरियाचे 30. स्वित्झर्लंडहून मिलानला जाणाऱ्या युरोसिटीत सीमा ओलांडताना आरक्षण सक्तीचं, त्याचे दहा-पंधरा धरा. मिलान-व्हेनिस, व्हेनिस-फ्लॉरेन्स, फ्लॉरेन्स-रोम या तीन फ्रेच्चारोसांचे 39. म्हणजे पासावर वरून सुमारे 80 युरो आणि माणशी एकूण 365.

हाच प्रवास सुट्या तिकिटांनी, दोन-तीन महिने आधी स्वस्त दरात काढला, तर माणशी दोनशे-सव्वादोनशेच्या आसपास बसू शकतो. म्हणजे ज्या दोघांच्या तारखा पक्क्या आहेत, त्यांनी या मार्गावर पास घेऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन. पण या स्वस्त तिकिटांना अट असते : तीच गाडी, तीच वेळ, आणि बहुतेकदा परतावा नाही. तिकिटं आयत्या वेळी काढली तर आकडे उलटतात आणि पास स्वस्त पडतो. सोबत आठ आणि दहा वर्षांची मुलं असतील, तर हिशेब आणखी बदलतो. 4 ते 11 वयाच्या मुलांना प्रत्येक प्रौढामागे दोन याप्रमाणे पास मोफत मिळतो, तो मोठ्यांच्या पासासोबतच मागून घ्यायचा. आरक्षणाचे पैसे मात्र सक्तीच्या गाडीत मुलांचेही भरावे लागतात. हे पुष्कळांना स्थानकावर गेल्यावरच कळतं.

मार्ग बदलला की चित्रही बदलतं. म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना, इन्सब्रुक, झुरिच, इंटरलाकेन असा प्रवास दिवसाच्या गाड्यांनी केला तर सक्तीचं आरक्षण एकही नाही. साल्झबुर्गला पाऊस लागला, तर दुपारची गाडी सोडून सकाळच्या गाडीने व्हिएन्नाला निघा, कुणाला विचारायची गरज नाही. माझ्या मते पासाची खरी किंमत वसूल होते ती या पट्ट्यात. फक्त स्वित्झर्लंडच करायचं असेल तर स्विस ट्रॅव्हल पास जास्त सोयीचा, कारण त्यात बोटी, शहरातल्या बस आणि पुष्कळ संग्रहालयंही येतात. त्यातही सलग आणि लवचिक असे दोन्ही प्रकार आहेत, आणि तितक्याच दिवसांचा लवचिक पास थोडा महाग असतो.

जास्तीचे पैसे टाळायचे असतील, तर त्याच मार्गावरच्या साध्या गाड्या शोधाव्यात. फ्लॉरेन्स-रोम वेगवान गाडीने दीड तासाचं अंतर. प्रादेशिक गाडी साडेतीन-चार तास घेते, पण तिला आरक्षण लागत नाही. स्वित्झर्लंडच्या बर्निना एक्सप्रेसच्या काचेच्या डब्यांसाठी वेगळे पैसे पडतात. त्याच रुळांवरून, त्याच हिमनदीसमोरून सेंट मॉरिट्झ ते तिरानो साधी गाडीही धावते. ती पासात चालते, आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, म्हणून फोटोही चांगले येतात. रेल प्लॅनर या ॲपमध्ये आरक्षण न लागणाऱ्याच गाड्या दाखवण्याची सोय आहे, ती आधी चालू करावी. पास आहे म्हणून मिळेल त्या गाडीत चढू मात्र नका. इटलीतली इटालो आणि फ्रान्समधली स्वस्त विगो या गाड्या पासात येत नाहीत.

मोबाइलवरचा पास वापरताना प्रत्येक गाडी चढण्यापूर्वी ॲपमध्ये नोंदवून पासाला जोडायची असते. त्यानंतरच त्या दिवसाचा क्यूआर कोड तयार होतो. गाडी सुटल्यावर तपासनीस समोर उभा असताना नोंद करू लागलात, तर विनातिकीट धरलं जाऊ शकतं. पासासोबत पासपोर्टही जवळ हवा, कारण नाव पडताळून पाहतात. ॲप तीन दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. उद्याचा बेत रद्द झाला, तर आज मध्यरात्रीपूर्वी तो दिवस ॲपमधून काढून टाकता येतो आणि पासात परत जमा होतो. मध्यरात्र उलटली की दिवस गेला.

खरेदीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पास घेऊन मग जागा शोधणारे लिरिया आणि युरोस्टारवर अडकतात. पास विकत घेतल्यापासून अकरा महिन्यांच्या आत सुरू करायचा असतो, त्यामुळे घाई नसते. आधी आपल्या तारखांना त्या गाड्यांत पासधारकांचा कोटा शिल्लक आहे का ते बघा. नसेल, तर तेवढ्या एका टप्प्याचं सुटं तिकीट काढा आणि एक दिवस कमी असलेला पास घ्या. ऐच्छिक आरक्षणं मात्र युरेलकडून घेऊ नका, ते दर माणशी दर गाडीमागे सेवाशुल्क लावतात. ऑस्ट्रियाच्या आणि जर्मनीच्या रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर तिकिटाविना नुसतं आसन मिळतं, आणि तिथे हे शुल्क पडत नाही.