अंधारातल्या फोटोत केसांचा रंग बदलताना

हळदीच्या रात्री पिवळ्या बल्बखाली मोबाइलवर काढलेला फोटो. त्यातल्या काळ्या केसांना वाइनसारखी लालसर छटा द्यायची आहे. बहुतेक जण आधी केस उजळ करतात, मग रंग फिरवतात. लगेच केसांत वाळू सांडल्यासारखे दाणे दिसतात आणि हिरवे-जांभळे डागही वर येतात.

दोष मुळातच आहे. काळे केस प्रकाश फार कमी परत पाठवतात. सेन्सरच्या एका ठिपक्यावर १०,००० प्रकाशकण पडले तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च पडले तर तो १० चा, म्हणजे १० टक्के. त्यात जेपीईजी फाइलमध्ये रंगाची नोंद बहुधा चार ठिपक्यांना मिळून एकच असते, म्हणून रंगाचे डाग दाण्यांपेक्षा मोठे दिसतात.

समजा केसांचा उजेड ० ते २५५ च्या पट्टीवर २५ आहे. वाइन रंगासाठी लाल भाग ७० वर न्यायचा. कर्व्ह ओढून नेला तर २५ चे ७० होताना दाणेही सुमारे पावणेतीनपट वाढतात. त्याऐवजी गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये केसांवर गडद मरून रंगाचा थर द्यायचा (लाल ५०, हिरवा १०, निळा २०) आणि त्याचा मोड Screen ठेवायचा. केसांचा रंग साधारण ७०, ३४, ४३ होतो, छान वाइन. गंमत म्हणजे लाल भागातले दाणे वाढायच्या ऐवजी मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येतात, कारण Screen गुणत नाही, वरून रंगीत उजेड घालतो.

डागांची सोय मात्र त्याआधी लावायची. मूळ फोटोची प्रत घेऊन Desaturate करायची, ती मरूनच्या खाली ठेवायची. तिची अपारदर्शकता ८०-८५ टक्के पुरते. पूर्ण १०० ठेवली तर केसांवरची पिवळ्या बल्बची चमक राखाडी पडते आणि विग घातल्यासारखं वाटतं.

दोन्ही थरांना एकच मास्क लावायचा. तो जादूच्या कांडीने निवडू नये. दाण्यांमुळे निवड चाळणीसारखी होते आणि तीच भोकं रंगात उतरतात. मऊ ब्रशने हाताने रंगवावा, कडा धूसर ठेवाव्यात. बाहेर उडालेल्या एकेका बटेच्या मागे लागू नये, त्या काळ्याच राहिल्या तरी कुणाच्या लक्षात येत नाहीत. फक्त केसांतले दाणे घासून काढायचा मोहही टाळावा: दाणेदार चेहऱ्यावर गुळगुळीत केस प्लास्टिकचे दिसतात.

फोटो १०० टक्के आकारात पाहिला की दाणे कळतात. डाग मात्र लहान करून पाहिल्यावरच उठून दिसतात. कपाळाच्या कडेला लाली आली असेल तर मास्क बाहेर गेला आहे.

सोनेरी केस हवे असतील तर ही युक्ती चालत नाही. त्यासाठी थर इतका उजळ लागतो की सावल्याच पुसल्या जातात आणि डोक्यावर धुकं बसतं. अशा फोटोत वाइन, गडद तपकिरी किंवा निळसर काळा, इथपर्यंतच जावं.