दूध विरजते तेव्हा ते नासत का नाही?

उकळत्या दुधात लिंबू पिळले तर दूध क्षणात फाटते. चोथा एकीकडे आणि हिरवट पाणी दुसरीकडे होते. त्याच दुधात कोमट असताना चमचाभर दही घालून ठेवले, तर काही तासांनी भांड्यात घट्ट, एकसंध दही लागते. दोन्ही ठिकाणी बदल घडवून आणते ते आम्लच. मग एकदा दूध नासावे आणि एकदा विरजावे, असे का?

याचे उत्तर केसीन या प्रथिनात आहे. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. त्याचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात आणि कॅल्शियम फॉस्फेट त्यांना आतून बांधून ठेवते. या गोळ्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर सारतात, म्हणूनच ताजे दूध प्रवाही राहते.

विरजणातील जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.६ असतो. आम्ल वाढते तसा तो उतरत जातो. गोळ्यांना बांधणारे कॅल्शियम विरघळून बाहेर पडू लागते आणि पृष्ठभागावरचा ऋण भार कमी होतो. सामू ४.६ वर आला की केसीनवरील धन आणि ऋण भार समसमान होतात. दूर सारणारे बळ उरत नाही आणि गोळे एकमेकांना चिकटतात.

लिंबाने हे सारे एका क्षणात, तेही उकळत्या आणि ढवळल्या जाणाऱ्या दुधात घडते. प्रथिने मिळेल तिथे घाईने चिकटतात, त्यांच्या गुठळ्या आकसतात आणि पाणी बाहेर फेकले जाते. विरजणात मात्र आम्ल सर्व दुधात सारखे आणि सावकाश तयार होते. गोळ्यांच्या साखळ्या जुळत जातात आणि त्यांचे नाजूक जाळे विणले जाते. गाईच्या दुधातील सुमारे ८७ टक्के पाणी या जाळ्याच्या छिद्रांत अडकून पडते. म्हणून दही लागत असताना भांडे हलवू नये, असे घरोघरी सांगितले जाते. अर्धवट विणलेले जाळे एकदा तुटले की दह्यावर पाणी सुटते.

अर्धा लिटर दूध उकळून ४० अंश सेल्सिअसपर्यंत निवू दिले आणि त्यात एक चमचा ताजे विरजण नीट मिसळले, असे समजू. पहिले एक-दोन तास वरकरणी काहीच घडत नाही, कारण जिवाणूंची संख्या वाढत असते. चौथ्या तासाच्या आसपास, सामू ५.३ च्या जवळ आला की दूध दाटू लागते. सुमारे सहा तासांत दही लागते. ते त्याच वेळी फ्रीजमध्ये ठेवावे. बाहेर राहिल्यास जिवाणू आम्ल करीतच राहतात आणि दही आंबट होते. फ्रीजमध्ये ही क्रिया मंदावते, पण पूर्ण थांबत नाही.

दूध आधी उकळण्याचा लाभ केवळ नको असलेले जिवाणू मारण्यापुरता नाही. उष्णतेने दुधातील इतर प्रथिने उलगडून केसीनच्या गोळ्यांना चिकटतात. त्यामुळे जाळे भक्कम होते आणि पाणी चांगले धरून ठेवते. न तापवलेल्या दुधाचे दही त्या मानाने पातळ लागते.

दही लागले नाही तर दोष बहुधा तापमानाचा असतो. दूध फार गरम असेल तर जिवाणूंची वाढ थांबते आणि ते मरू लागतात. उलट डिसेंबर-जानेवारीत पणजीसारख्या ठिकाणीही रात्रीचा पारा २० अंशांजवळ येतो, तेव्हा तेच विरजण दुप्पट वेळ घेऊ शकते. अशा वेळी विरजण वाढवण्यापेक्षा भांडे जाड कापडात गुंडाळून ठेवणे अधिक उपयोगी ठरते.

तापमान आणि विरजण ठीक असूनही एखादे दूध वारंवार विरजत नसेल, तर दुधाकडे पाहावे लागते. आजारी जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरला असेल, तर तो विरजणाच्या जिवाणूंनाही रोखतो. दूध आंबू नये म्हणून त्यात सोडा मिसळला असेल, तर तयार होणारे आम्ल त्यातच खर्ची पडते. पडताळणी सोपी आहे. दोन ठिकाणचे दूध सारखेच उकळून, सारखेच निववून आणि एकाच विरजणाने दोन वाट्यांत शेजारी शेजारी लावावे. एक वाटी लागली आणि दुसरी तशीच पातळ राहिली, तर विरजण निर्दोष आहे, हे कळते. दुधात नेमके काय आहे, हे मात्र प्रयोगशाळेतील तपासणीच सांगू शकते.