‘रानवारा’ की ‘रानवारी’? पासिंग ऑफचा एक प्रश्न

आपला माल दुसऱ्याचा आहे असे भासवून विकणे म्हणजे ‘पासिंग ऑफ’. नावाची नोंदणी नसेल तर ट्रेडमार्क कायदा, 1999च्या कलम 27नुसार उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. मात्र पासिंग ऑफचा मार्ग तेच कलम खुला ठेवते. परीक्षेतला प्रश्न बहुधा इथूनच सुरू होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘रानवारा’ चहा वीस वर्षे विकला जातो आहे. हिरवा पुडा, सोनेरी काठ, मधोमध टोपली घेतलेली बाई. नोंदणी नाही. शेजारच्या तालुक्यातला एक छोटा व्यापारी ‘रानवारी’ चहा बाजारात आणतो. रंग आणि काठ तेच, बाईच्या डोक्यावर मात्र टोपलीऐवजी भारा.

वादीला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: बाजारातला नावलौकिक, ग्राहकाची दिशाभूल होण्याची शक्यता, आणि त्यातून झालेले किंवा होऊ शकणारे नुकसान. पहिलीसाठी जुनी बिले, विक्रीचे आकडे, जाहिराती उपयोगी पडतात. हिरवा रंग किंवा चहाचे पान सगळेच वापरतात, त्यावर कोणाची मक्तेदारी नसते. म्हणून नाव, काठ आणि चित्र यांच्या एकत्रित मांडणीवर भर द्यायला हवा.

खरी कसोटी दिशाभुलीची आहे, आणि विद्यार्थी चुकतात तेही इथेच. दोन्ही पुडे शेजारी ठेवून ते फरक मोजत बसतात. पार्ले प्रॉडक्ट्स विरुद्ध जे. पी. अँड कंपनी, म्हैसूर या 1972च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत नाकारली. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर बादली घेतलेली मुलगी, गाई आणि कोंबड्या होत्या. प्रतिवादीच्या वेष्टनावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली मुलगी, आणि पुन्हा गाई-कोंबड्या. पुडे शेजारी ठेवले तर फरक दिसतात, पण ग्राहक दुकानात आठवणीवर विसंबून येतो. त्यामुळे ठळक वैशिष्ट्ये आणि एकूण ठसा पाहायचा असतो. तो खटला नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनाचा होता, हे उत्तरात सांगावे. भ्रामक साम्याचा हा निकष पासिंग ऑफमध्येही उपयोगी पडतो.

‘रानवारी’वाला म्हणेल, पुड्यावर माझे नाव-पत्ता छापला आहे. चहाचा पुडा घाईत, कधी नुसते नाव सांगून घेतला जातो. मागच्या बाजूची बारीक अक्षरे कोण वाचतो? हा बचाव इथे लंगडा पडतो. ‘फसवण्याचा हेतू नव्हता’ हेही पुरेसे नाही. लक्ष्मीकांत पटेल विरुद्ध चेतनभाई शाह या 2002च्या निकालानुसार मनाई हुकमासाठी कपटी हेतू सिद्ध करण्याची गरज नसते.

हेतूचा प्रश्न पैशाच्या वेळी मात्र येतो. कलम 135नुसार, वादीचे चिन्ह वापरात असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, तसे समजण्याचे वाजवी कारणही नव्हते आणि कळताच वापर थांबवला, हे प्रतिवादीने पटवून दिले, तर नाममात्र भरपाईपलीकडे पैसे मिळत नाहीत. पण काठापासून चित्रापर्यंत मांडणी उचलणाऱ्याला ‘ठाऊक नव्हते’ हे पटवणे कठीणच.