वॉलेटमध्ये पैसे आहेत, पण जात नाहीत? आधी केवायसी बघा

"सर, बॅलन्स दिसतंय पण पेमेंट होत नाही," हा प्रश्न परवा आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी विचारला. त्या घरून केक करतात. वॉलेटमध्ये ३,००० रुपये होते. त्यातले १,५०० मदतीला येणाऱ्या मावशींना पाठवायचे होते, ते जाईनात. वर आणखी २,००० भरायला गेल्या, तेही होईना. ताईंना वाटलं ॲप बंद पडलंय.

ॲप व्यवस्थित होतं. वॉलेट उघडताना त्यांनी फक्त मोबाइलवरचा ओटीपी, नाव आणि ओळखपत्राचा नंबर दिला होता. पूर्ण केवायसी राहिलेलीच. अशा वॉलेटला रिझर्व्ह बँकेचे नियम कडक आहेत. त्यातून दुकानात खरेदी करता येते, पण माणसाला पैसे पाठवता येत नाहीत. म्हणून मावशींचे पैसे अडकले.

आता भरणं का अडलं? इथे बरेच जण फसतात. अर्धवट केवायसीच्या वॉलेटमध्ये महिन्याला १०,००० रुपयेच भरता येतात, आणि मोजलं जातं ते भरलेलं, उरलेलं नाही. ताईंनी २ तारखेला ६,००० भरले, केकचे बॉक्स घेतले. १५ तारखेला ४,००० भरले, त्यातले १,००० खर्च केले. शिल्लक ३,००० असली तरी भरणा १०,००० झाला. आता थेट पुढच्या महिन्यात. वर्षाची मर्यादाही १,२०,००० आहे.

आणि खरा चिमटा पुढेच. दोन्ही वेळा त्यांनी क्रेडिट कार्डवरून पैसे भरले होते. त्यांच्या ॲपचं शुल्क अडीच टक्के, म्हणजे १०,००० वर २५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ४५. एकूण २९५ रुपये गेले! त्याच ॲपमध्ये यूपीआयने भरले असते तर शून्य. प्रत्येक ॲपचा दर वेगळा असतो, म्हणून शेवटचं बटण दाबण्याआधी कार्डवरून नेमकी किती रक्कम कापली जाणार ते वाचा.

मग करायचं काय? ॲपमधूनच व्हिडिओ केवायसी करा. आधार आणि मूळ पॅन कार्ड जवळ ठेवा, झेरॉक्स चालत नाही. दोन्हींवरचं नाव जुळतंय का ते आधीच बघा. लग्नानंतर एकावरच नाव बदललं असेल तर काम बहुतेक तिथेच अडतं. पूर्ण केवायसी झाली की २ लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि माणसालाही पाठवता येतात. केवायसी करायचीच नसेल तर वॉलेट बंद करून पैसे जिथून भरले तिथे परत मागवता येतात.

मावशींचे १,५०० ताईंनी त्याच संध्याकाळी बँक खात्यातून यूपीआयने पाठवले. त्याला वॉलेटची केवायसी लागतच नाही.

आणि हो, "तुमची केवायसी अपूर्ण आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ कट करा.