सीमास्तराची ओळख – लेखांक ६ : पहिला अर्धा मिलिमीटर

मागच्या लेखात पिटो नळी पट्टीपासून वर सरकवत वेग कसा मोजायचा ते पाहिले. आज त्या आकड्यांतून विस्थापन जाडी आणि संवेग जाडी काढू.

समजा, सपाट, गुळगुळीत पट्टीवरून हवा U = १० मीटर प्रतिसेकंद वेगाने वाहते आहे आणि आपण पट्टीच्या पुढच्या कडेपासून अर्ध्या मीटरवर मोजतो आहोत. पट्टीपासून ०.५, १, १.५, २, ३, ४ आणि ५ मिलिमीटरवर u/U अनुक्रमे ०.१९, ०.३८, ०.५६, ०.७१, ०.९१, ०.९८ आणि १.०० आले.

δ* = ∫(1 − u/U) dy
θ = ∫(u/U)(1 − u/U) dy

पट्टीलगत हवा मंदावते, त्यामुळे तेथून कमी हवा जाते. तेवढी तूट पडायला पूर्ण वेगाच्या प्रवाहाचा जितका जाड थर काढून टाकावा लागेल, ती δ*. संवेगाच्या तुटीचा तसाच हिशेब म्हणजे θ. पट्टीवरचे घर्षण θ वरूनच कळते : एका बाजूला, दर मीटर रुंदीमागे ρU²θ.

आता लागोपाठच्या दोन बिंदूंमधल्या समलंब चौकोनांची क्षेत्रफळे काढून बेरीज करायची. मात्र पहिला चौकोन ०.५ मिलिमीटरपासून सुरू करू नका. एक मिलिमीटर जाडीची नळी पट्टीला टेकली, तरी तिचा मध्य अर्धा मिलिमीटर वरच राहतो. त्याखाली वाचन मिळतच नाही. पण पट्टीवर वेग शून्य असतो हे आपल्याला माहीत आहे, म्हणून y = 0, u = 0 हा बिंदू हाताने घालायचा. तो घातला की δ* = १.५१ आणि θ = ०.५७ मिलिमीटर येते. δ*/θ हा आकार गुणांक सुमारे २.६ भरतो. ब्लाझियसने १९०८ मध्ये सपाट पट्टीवरच्या स्तरीय प्रवाहासाठी काढलेल्या उत्तरातून तो २.५९ येतो.

तो बिंदू विसरलात तर δ* १.०६ वर घसरते, θ मात्र ०.५४ च्या आसपासच राहते. कारण उघड आहे. पट्टीजवळ (1 − u/U) एकाच्या जवळपास असते, पण θ मध्ये त्याला u/U ने गुणायचे असते आणि तिथे तेच नगण्य असते. गुणांक मग २ च्या खाली येतो आणि निव्वळ स्तरीय प्रवाह खवळू लागल्याचा भास होतो.

दुसरी चूक वरच्या टोकाला होते. U एक टक्का जास्त धरला, तर स्तराबाहेरही u/U ०.९९ वरच अडकते आणि दर मिलिमीटरला दोन्ही जाड्यांत ०.०१ ची खोटी भर पडते. वाचने १५ मिलिमीटरपर्यंत घेतली असतील, तर θ सहाव्या हिश्श्याहून अधिक फुगते. ही चूक पकडायला बेरजेची वरची मर्यादा वाढवून पाहा : स्तर संपल्यावरही उत्तर वाढतच राहिले, तर U चुकला आहे.

वरचे आकडे घेऊन हा हिशेब एकदा स्वतः करून पाहा. पुढच्या आठवड्यात खळबळीच्या स्तराची वाचने घेऊ. तिथे हा गुणांक १.४ च्या आसपास येतो.