तिरामिसूची वडी नीट कापली जावी म्हणून

त्रेव्हीझो हे इटलीच्या व्हेनेतो प्रांतातले, व्हेनिसजवळचे शहर. तिथल्या 'ले बेकेरिये' या रेस्टॉरंटमध्ये 1972 मध्ये तिरामिसू मेनूकार्डावर आले. मालकीणबाई आदा काम्पेओल आणि त्यांचे मिठाईवाले रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांच्या नावावर तो पदार्थ सांगितला जातो. शेजारच्या फ्रिउली प्रांतातले लोकही त्यावर हक्क सांगतात आणि तो वाद मिटलेला नाही. त्रेव्हीझोच्या कृतीत सहाच गोष्टी होत्या: अंड्याचा पिवळा बलक, साखर, मास्कारपोने, साव्होयार्दी बिस्किटे, कॉफी आणि कोको. दारू नव्हती, अंड्याचा पांढरा भागही नव्हता, आणि बलक कच्चाच असे.

आज आपल्याकडे कॅफेत किंवा घरी तिरामिसू बहुतेक वेळा काचेच्या ग्लासात मिळतो, कारण ताटलीत काढला की तो बसतो. वडी उभी राहत नाही, तळाशी तपकिरी पाणी साचते. यावर जिलेटिन घालणे हा उपाय मला पटत नाही. त्याने वडी उभी राहते खरी, पण जिभेवर विरघळण्याऐवजी थरथरते. सगळा प्रश्न पाण्याचा आहे. बलकात, मास्कारपोनेत आणि कॉफीत असलेले पाणी जागच्या जागी धरून ठेवता आले तर दुसरे काही घालावे लागत नाही.

20 सेंटिमीटरचा चौकोनी, उभ्या कडांचा, सहा-सात सेंटिमीटर खोल टिन धरून हिशेब सांगते. पाच पिवळे बलक, 100 ग्रॅम साखर, 500 ग्रॅम मास्कारपोने, 150 मिली व्हिपिंग क्रीम, साधारण 26 साव्होयार्दी आणि 300 मिली कडक कॉफी. क्रीम मूळ कृतीत नाही, पण बलक शिजवला की मिश्रण थोडे जड होते, म्हणून मी ते घालते. ते किमान 35 टक्के फॅटचे हवे. किराणा दुकानातले 25 टक्क्यांचे फ्रेश क्रीम कितीही फेटले तरी फुगत नाही.

आधी बलक. बलकावर साखर घातली की लगेच फेटायला घ्यायचे, नाहीतर साखर बलकातले पाणी ओढते आणि गुठळ्या धरतात. त्यात दोन चमचे कॉफी घालायची आणि भांडे मंद उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवायचे, भांड्याचा तळ पाण्याला टेकू न देता. मग आठ-दहा मिनिटे न थांबता फेटत राहायचे. 72 अंशांच्या वर गेले की साल्मोनेलाची भीती उरत नाही, पण वडीसाठी मला 78 ते 80 अंश हवे असतात. त्या तापमानाला बलकातली प्रथिने उलगडून एकमेकांत अडकतात आणि पाण्याला त्या जाळ्यात धरतात. साखरेमुळे ही क्रिया जरा उशिरा होते, म्हणूनच नुसत्या बलकाचा जिथे रवा झाला असता तिथे हा बलक मऊ राहतो. मात्र 85 च्या पुढे गेले की दाणे दिसायला लागतात. थर्मामीटर नसेल तर व्हिस्क उचलून बघा. पडणारी धार पृष्ठभागावर दोन-तीन क्षण तशीच दिसत राहिली आणि व्हिस्क फिरवल्यावर भांड्याचा तळ क्षणभर उघडा पडला, की झाले. आच बंद करून भांडे खाली घ्यायचे आणि मिश्रण पूर्ण गार होईपर्यंत फेटायचे. भांड्याच्या तळाला हात लावून ऊब जाणवत असेल तर अजून थांबायचे.

इतके थांबायचे ते मास्कारपोनेसाठी. हे चीज म्हणून विकले जात असले तरी ती आम्ल घालून घट्ट केलेली आणि निथळलेली साय आहे. त्यात 40 टक्क्यांच्या आसपास फॅट असते. गरम बलक पडला की ते फॅट वितळते, मिश्रण पातळ होते आणि फ्रीजमध्ये ठेवूनही मग पूर्वीसारखे घट्ट होत नाही. चक्का वापरला तर चालेल का, असे अनेकजणी विचारतात. रंग-रूप जवळचे आहे, पण चक्क्यात फॅट फार कमी आणि आंबटपणा जास्त. गार झाल्यावर घट्ट होऊन वडीला आधार देणारे असे त्यात काही नाही.

मास्कारपोने फ्रीजमधून काढून वीस मिनिटे बाहेर ठेवायचे आणि स्पॅट्युलाने दाबून सैल करायचे. इलेक्ट्रिक बीटर इथे लावू नये. जास्त फेटले की फॅट आणि पाणी वेगळे होते: आधी चकाकी जाते, मग मिश्रण दाणेदार दिसते, शेवटी भांड्याच्या कडेला पाण्याची रेघ येते. ती रेघ दिसली की त्या मिश्रणाची वडी पडणार नाही. बलक तीन वेळा थोडाथोडा घालून हलक्या हाताने मिसळायचा. क्रीम मऊ शिखर धरेल इतकेच फेटायचे आणि सर्वांत शेवटी घालायचे.

आता कॉफी, आणि बहुतेकांची वडी इथेच बिघडते. कॉफी पूर्ण गार हवी. गरम कॉफीत साव्होयार्दीचा भुगा होतो. कोरडे बिस्किट साधारण 8 ग्रॅमचे असते आणि बुडवून काढल्यावर ते दुपटीच्या जवळ भरावे, फार तर 18 ग्रॅम. म्हणजे एका बाजूने एक सेकंद, उलटून एक सेकंद, आणि बाहेर. पहिले बिस्किट मोडून पाहा. मधोमध पांढरी कोरडी रेघ दिसली पाहिजे. ती रेघ मुद्दाम ठेवायची, कारण रात्रभरात क्रीममधून आणि बिस्किटाच्याच ओल्या भागातून पाणी तिथे जाते. बिस्किट आधीच तुडुंब भिजलेले असेल तर ते पाणी शोषणारे कुणी उरत नाही आणि ते तळाशी जमते. शेवटी वाडग्यात कॉफी उरली तर बरोबर झाले असे समजा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात उघड्या पुड्यातली बिस्किटे हवेनेच मऊ पडतात. ती 120 अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटे वाळवून गार करून मगच बुडवावीत.

टिनमध्ये बटर पेपर दोन्ही बाजूंनी बाहेर येईल असा लावून तळाला क्रीमचा पातळ हात द्यायचा, म्हणजे बिस्किटे सरकत नाहीत. पहिला थर उभा, त्यावर अर्धे क्रीम, दुसरा थर आडवा, वर उरलेले क्रीम. फटी बिस्किटाच्या तुकड्यांनी भरायच्या. दोन्ही थर एकाच दिशेने लावले तर सुरी बिस्किटांच्या मधल्या फटीतून जाते आणि वडी तिथेच दुभंगते. टिन ओट्यावर हलकेच आपटून हवा काढायची, झाकून फ्रीजमध्ये किमान आठ तास ठेवायचे.

कापण्याआधी अर्धा तास फ्रीझर. मग बटर पेपर धरून सगळा चौकोन बाहेर काढायचा, पातळ लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची आणि करवतीसारखी न ओढता सरळ खाली दाबायची. प्रत्येक कापानंतर पुन्हा धुवून पुसायची. कोको कापून झाल्यावर चाळायचा. आधी चाळला तर सुरी तो पांढऱ्या थरात ओढत नेते, आणि रात्रभर ठेवला तर ओला होऊन काळा पडतो.

वडी ताटलीत ठेवल्यावर तिची कापलेली बाजू नीट बघा. तळाशी पाणी असेल तर बिस्किटे जास्त भिजली. क्रीम बाजूला वाहत असेल तर बलक कमी शिजला किंवा गरम घातला. बिस्किट मध्ये कोरडे लागत असेल तर आठ तास झाले नव्हते. उरलेल्या वड्या आणखी रात्रभर ठेवल्या तर सुधारतात. पाणी सुटलेला तिरामिसू मात्र फ्रीझरमध्ये टाकून सावरत नाही, वितळताना तो आणखी पाणी सोडतो. तो ग्लासात भरून त्याच दिवशी संपवावा. चांगला जमलेला दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये टिकतो. उन्हाळ्यात मात्र टेबलावर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये.