वर्डमधील पान पीडीएफमध्ये जसेच्या तसे कसे न्यावे?

एखाद्या नाट्यमंडळाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आहे असे समजा. संपादकाने चार महिने खपून वर्डमध्ये ९६ पाने रचली, जाहिरातदारांना ठरावीक पाने दिली, अनुक्रमणिका दोनदा ताडून पाहिली आणि फाइल छापखान्याकडे रवाना केली. छापखान्यातील संगणकावर तीच फाइल उघडली तेव्हा तिची पाने ११२ झाली होती. शेवटचा लेख अनुक्रमणिकेत सांगितलेल्या पानापासून चौदा पाने पुढे सरकला होता. फाइलमधील एकही अक्षर कोणी बदललेले नव्हते. मग हे घडले कसे?

या प्रश्नाचे उत्तर समजले की वर्डची पीडीएफ करताना नेमके काय जपायचे, हे आपोआप उलगडते.

फाइलमध्ये पान नसतेच

वर्डच्या फाइलमध्ये मजकूर असतो, फॉन्टचे नाव असते, अक्षराचा आकार, समास आणि ओळींतील अंतर यांची नोंद असते. मात्र अमुक शब्द अमुक पानाच्या तळाशी आहे, अशी पक्की नोंद तिच्यात नसते. फाइल उघडताच वर्ड त्या संगणकावरील फॉन्ट हाती घेऊन प्रत्येक ओळ नव्याने भरतो आणि त्यावरून पाने पाडतो. म्हणजे आपल्याला दिसणारे पान हे प्रत्येक वेळी नव्याने केलेल्या हिशेबाचे उत्तर असते. फॉन्ट बदलला की उत्तरही बदलते.

पीडीएफचे तसे नसते. तिच्यात प्रत्येक अक्षराचे पानावरील स्थान कायमचे नोंदवलेले असते आणि फॉन्ट जोडलेला असेल तर त्या अक्षराची आकृतीही सोबत असते. म्हणूनच पीडीएफ कोणत्या संगणकावर तयार केली, याला महत्त्व आहे. जिथे पाने रचली आणि जिथे सर्व फॉन्ट हजर आहेत, तिथेच ती करावी. छापखान्यात, सायबर कॅफेत किंवा मोबाइलवर केलेली पीडीएफ तिथल्या हिशेबाची पाने कायम करते, तुमची नव्हे.

चार ओळींचा हिशेब

आपल्या स्मरणिकेचे पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचे, म्हणजे डेमी आकाराचे आहे. वर आणि खाली पाऊण-पाऊण इंच समास सोडला तर मजकुरासाठी सात इंच उंची उरते. एका इंचात ७२ पॉइंट, म्हणून सात इंचांत ५०४ पॉइंट. एक ओळ १८ पॉइंट उंचीची असेल तर पानावर २८ ओळी बसतात. छापखान्यातील संगणकावर संपादकाचा फॉन्ट नव्हता, म्हणून वर्डने गुपचूप दुसरा घेतला. त्याची ओळ २१ पॉइंट उंच निघाली आणि पानावर २४ ओळीच मावल्या.

दर पानाला फक्त चार ओळींचा फरक. पण स्मरणिकेत आठ लेख आहेत आणि प्रत्येक लेख दहा भरगच्च पानांचा, म्हणजे २८० ओळींचा आहे. पानाला २४ ओळी या दराने त्याला बारा पाने लागतात. आठ लेखांची ८० पाने ९६ झाली. जाहिराती व छायाचित्रांची १६ पाने धरून एकूण ११२. दुसरा लेख दोन पाने, तिसरा चार पाने असे करत आठवा लेख चौदा पाने मागे पडला.

देवनागरीत हा धोका अधिक असतो. मंगल फॉन्टची ओळ बरीच उंच, तर कोकिला किंवा अपराजिता यांची अक्षरे त्याच पॉइंटमध्ये लहान दिसतात. त्यातच विंडोज १० पासून मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट प्रत्येक संगणकावर आपोआप असतीलच असे नाही. देवनागरीचे पूरक फॉन्ट म्हणून ते वेगळे बसवावे लागू शकतात. श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत तर मजकूर मुळात रोमन चिन्हांच्या रूपात साठवलेला असतो. तो फॉन्ट नसेल तर पाने सरकण्याआधीच मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसू लागतात.

पीडीएफ करण्यापूर्वी

पहिली खात्री फॉन्टची. वर्डमध्ये ‘File’, ‘Options’, ‘Advanced’ असे जाऊन ‘Show document content’ या भागातील ‘Font Substitution’ हे बटण दाबावे. दस्तऐवजातील एखादा फॉन्ट संगणकावर नसेल, तर त्याच्या जागी कोणता वापरला जात आहे ते तिथे कळते. सर्व फॉन्ट उपलब्ध असल्याचा निरोप मिळाला तरच पुढे जावे.

दुसरी खात्री पेज ब्रेकची. नवा लेख नव्या पानावर यावा म्हणून अनेकजण एंटर दाबत राहतात. या रिकाम्या ओळीही हिशेबात धरल्या जातात. मागच्या लेखात एक ओळ वाढली की पुढच्या लेखाचे शीर्षक पानाच्या माथ्यावरून एक ओळ खाली घसरते. रिकाम्या ओळी काढून तिथे कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे शीर्षकाच्या परिच्छेदाला ‘Paragraph’ चौकटीतील ‘Line and Page Breaks’ या भागात ‘Page break before’ अशी खूण करणे. मग शीर्षक नेहमी नव्या पानावरच येते.

ओळीची उंचीही बांधून टाकता येते. त्याच चौकटीत ‘Line spacing’ समोर ‘Exactly’ निवडून १८ पॉइंट लिहिले की फॉन्ट कोणताही असो, ओळ १८ पॉइंटचीच राहते. यात दोन पथ्ये आहेत. आकडा फार लहान ठेवला तर वरचा रफार व वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात. ‘र्कीं’ आणि ‘द्धू’ अशी अक्षरे लिहून ती पूर्ण दिसतात का ते पाहावे. आणि ज्या परिच्छेदात छायाचित्र बसवले आहे तिथे ‘Single’ ठेवावे, नाहीतर छायाचित्राची ओळीएवढी पट्टीच दिसते. शिवाय उंची बांधली तरी दुसऱ्या फॉन्टची अक्षरे रुंद असतील तर ओळी वाढतातच. हा उपाय घसरण कमी करतो, थांबवत नाही.

शेवटी सुचवलेले बदल स्वीकारून किंवा नाकारून संपवावेत, कारण ते तसेच राहिले तर समासातील फुग्यांसह पीडीएफमध्ये उतरू शकतात. अनुक्रमणिका वर्डने बनवलेली असेल तर तीवर क्लिक करून एफ-९ दाबावे व ती स्वतः एका पानाने वाढली नाही ना, हे पाहावे.

पीडीएफ करताना

विंडोजवर ‘File’, ‘Export’, ‘Create PDF/XPS Document’ हा मार्ग घ्यावा. उघडणाऱ्या चौकटीत ‘Optimize for’ समोर ‘Standard’ निवडावे. ‘Minimum size’ हा पर्याय छपाईसाठी नव्हे. मग ‘Options’ बटण दाबून पीडीएफ/ए संबंधीच्या ओळीवर खूण करावी. पीडीएफ/ए हे दीर्घकाळ जतनासाठीचे मानक असून दिसणारा प्रत्येक फॉन्ट फाइलमध्ये जोडलेला असलाच पाहिजे, अशी त्याची अट आहे. एरवी वगळले जाण्याची शक्यता असलेले नेहमीचे इंग्रजी फॉन्टही त्यामुळे सोबत येतात.

‘Print’ मधील पीडीएफ प्रिंटर शक्यतो टाळावा. त्याच्या यादीत नसलेला कागदाचा आकार आपण वापरला असेल तर पान दुसऱ्याच आकारात जाऊ शकते, शिवाय दुवे आणि बुकमार्क गळून पडतात. मॅकवर वर्ड दोन पर्याय देतो; त्यातील ‘Best for printing’ घ्यावा. दुसऱ्या पर्यायात फाइल कंपनीच्या ऑनलाइन सेवेकडे जाऊन रूपांतरित होते आणि आपण बसवलेला मराठी फॉन्ट तिथे असेलच असे नाही.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. ‘Options’, ‘Save’ मध्ये ‘Embed fonts in the file’ असा पर्याय असतो. तो वर्डच्या फाइलमध्ये फॉन्ट ठेवण्यासाठी आहे. छापखान्याला वर्डची फाइलही हवी असेल तर तो जरूर वापरावा, आणि त्याखालील ‘Do not embed common system fonts’ ही खूण काढावी.

फॉन्ट जोडले गेले हे कसे ओळखावे

पीडीएफ अक्रोबॅट रीडरमध्ये उघडून कंट्रोल आणि डी दाबावे व ‘Fonts’ या भागात जावे. प्रत्येक नावापुढे ‘Embedded’ किंवा ‘Embedded Subset’ लिहिलेले हवे. सबसेट म्हणजे दस्तऐवजात वापरलेल्या अक्षरांपुरताच फॉन्ट जोडला आहे. छपाईला तेवढे पुरते. संपूर्ण मजकूर मराठीत असूनही यादीत कॅलिब्री किंवा टाइम्स दिसले तर गोंधळू नये. वर्ड देवनागरी आणि रोमन यांचे फॉन्ट वेगळे ठेवतो, त्यामुळे पूर्णविराम, मोकळ्या जागा किंवा रोमन आकडे दुसऱ्या फॉन्टमध्ये असू शकतात.

नावापुढे काहीच लिहिलेले नसेल तर तो फॉन्ट जोडला गेलेला नाही. कारण बहुधा परवान्यात असते. फॉन्ट तयार करणारा तो जोडण्यास मनाई करू शकतो. विंडोजमध्ये फॉन्टच्या फाइलवर उजवे क्लिक करून ‘Properties’, ‘Details’ येथे ‘Font embeddability’ पाहावे. तिथे ‘Restricted’ असेल तर तो फॉन्ट सोडून परवानगी असलेला निवडावा आणि पाने पुन्हा तपासावीत. वर्ड अशा मजकुराचे चित्र करून बसवण्याचाही पर्याय देतो, पण मग तो शोधता येत नाही आणि मोठा करून पाहिला की कडा फुटतात.

पानांची तपासणी याहून सोपी आहे. एकूण पाने वर्डमध्ये व पीडीएफमध्ये सारखी आहेत का ते पाहावे. मग प्रत्येक लेखाचे पहिले पान आणि मधल्या पाच-सहा पानांचा शेवटचा शब्द जुळवावा. शेवटी तीच पीडीएफ ज्यावर हे फॉन्ट नाहीत अशा मोबाइलवर उघडावी. तिथेही पान तसेच दिसले तर ते छापखान्यातही तसेच दिसेल.

एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्यावी. पीडीएफ पानाचे रूप जपते. तिच्यातून उचललेला मराठी मजकूर दुसरीकडे चिकटवताना वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटू शकतात. म्हणून छापखान्यात एखादी चूक सापडली तर दुरुस्ती मूळ वर्ड फाइलमध्ये, त्याच संगणकावर करावी, पीडीएफ नव्याने काढावी आणि दुरुस्त पानापुढची पाने पुन्हा एकदा जुळवून पाहावीत. वाढलेली एक ओळ पुढच्या शीर्षकापर्यंत पोहोचते ती याच टप्प्यावर.